स्कोअर सुधारला, पण स्प्रेड जुनाच

गृहकर्ज घेतलं तेव्हा तुमचा क्रेडिट स्कोअर समजा ७०५ होता. त्यानंतर तुम्ही क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडली, एकही हप्ता चुकवला नाही आणि आज तो स्कोअर ७८० झाला आहे. बँकेच्या संकेतस्थळावर दिसतं की ७८० वाल्या नव्या ग्राहकाला ती तुमच्यापेक्षा पाऊण टक्का स्वस्तात कर्ज देते. साहजिकच वाटतं की बँकेला हे माहीत असेल, आज ना उद्या आपलाही दर उतरेल. तो आपोआप उतरत नाही. तुमचा जुना स्कोअर मंजुरीच्या दिवशी दरात मिसळला गेला आणि तिथेच गोठून बसला. तो पुन्हा मोजायला लावायचा तर लेखी मागणी करावी लागते आणि ती नेमक्या शब्दांत करावी लागते.

नेमके शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ‘माझा व्याजदर कमी करा’ असा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला काउंटरवर बहुधा एकच उत्तर मिळतं, ‘दर रिझर्व्ह बँक ठरवते, रेपो कमी झाला की तुमचाही होईल.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतल्याशिवाय मागणीला जोर येत नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाला जोडावीत, असं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं. बहुतेक बँकांनी मानदंड म्हणून रेपो दर निवडला. तुमचा व्याजदर म्हणजे हा रेपो आणि त्यावर बँकेनं चढवलेला स्प्रेड. रेपो सगळ्यांना सारखाच असतो. मे २०२० पासून तो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. त्याच्याबरोबर तुमचा दर वरखाली होतो आणि त्यावर तुमचं किंवा शाखाधिकाऱ्याचं काहीच चालत नाही. स्प्रेड मात्र माणसागणिक वेगळा असतो. त्यात बँकेचा खर्च आणि नफा असतो, आणि एक तुकडा असा असतो जो फक्त तुमच्याकडे बघून ठरतो. त्याला क्रेडिट रिस्क प्रीमियम म्हणतात, बँकेतले लोक नुसतं सीआरपी म्हणतात. हा माणूस कर्ज बुडवण्याची शक्यता किती, याची बँकेनं लावलेली ही किंमत असते. तुमचा स्कोअर मुख्यतः इथे काम करतो.

या तुकड्याबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. कर्जदाराच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाला तरच आणि कर्जकरारात ठरल्याप्रमाणेच क्रेडिट रिस्क प्रीमियम बदलता येतो. स्प्रेडमधले इतर घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता येत असत. त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून सवलत आली. ग्राहक टिकवण्यासाठी बँकेला हे इतर घटक तीन वर्षं पुरी होण्याआधीही कमी करता येतात, अट एवढीच की कारण समर्थनीय असावं आणि ग्राहकाग्राहकांत भेदभाव नसावा. म्हणजे आज तुमच्या मागणीला दोन दारं आहेत. एक सुधारलेल्या पतीचं आणि दुसरं ग्राहक टिकवण्याचं. अर्जात दोन्ही ठोठावायची.

या नियमाची मर्यादाही इथेच सांगून टाकतो. प्रीमियम कधी बदलता येईल हे नियम सांगतो, तुमच्या मागणीवर तो कमी केलाच पाहिजे असं सांगत नाही. ‘लक्षणीय बदल’ म्हणजे किती गुण, हेही त्यात नाही, ते बँकेचं धोरण आणि तुमचा करार ठरवतो. शिवाय ही सुरी दुधारी आहे. करारात तसं कलम असेल तर स्कोअर घसरल्यावर बँक प्रीमियम वाढवूही शकते. म्हणून अर्ज करण्याआधी आपली बाजू आपणच तपासून घ्यायला हवी.

तपासणीची सुरुवात मंजुरीपत्रापासून करा. घरातल्या त्या जाड फाइलमध्ये ते असतंच. त्यात व्याजदर कसा बनला आहे ते लिहिलेलं असतं. काही बँका रेपो आणि स्प्रेड असे दोनच आकडे देतात. काही बँका रेपोत आपलं ठरावीक मार्जिन मिळवून त्याला ईबीएलआर म्हणतात आणि त्यावर सीआरपी वेगळा दाखवतात. वेगळा दाखवला असेल तर काम सोपं झालं. नसेल तर आजच्या दरातून रेपो वजा करा, उरेल तो तुमचा एकूण स्प्रेड. मात्र आधी एक गोष्ट पाहा. रेपोतला बदल तुमच्या कर्जाला लागू होण्याची तारीख तीन महिन्यांतून एकदा येत असेल, तर ताजी कपात अजून तुमच्यापर्यंत पोहोचलेली नसू शकते. अशा वेळी वजाबाकीसाठी तुमच्या मागच्या रीसेटच्या दिवशीचा रेपो घ्यायचा. याच फाइलमध्ये ‘पतमूल्यांकनात बदल झाल्यास’ अशा अर्थाचं वाक्य असलेलं कलम शोधा आणि त्याचा क्रमांक टिपून ठेवा. बँकेचं स्वतःचं वाक्य तिला परत दाखवण्यासारखा पुरावा नाही.

कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल तर ते एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर असण्याची शक्यता आहे. अशा कर्जदारांनी स्कोअरच्या वाटेला जाण्याआधी रेपोशी जोडलेल्या दरावर येण्याचा अर्ज द्यावा, ते रूपांतर वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चापलीकडे शुल्क न घेता करून द्यायचं आहे. गृहवित्त कंपन्या आणि नागरी सहकारी बँकांना बाह्य मानदंडाची ही सक्ती नाही. गृहवित्त कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या प्रधान दरातून ठरतो आणि तिथे दरकपात बहुधा रूपांतर शुल्क घेऊन होते. त्या कंपनीला सीआरपीचा नियम दाखवण्यात अर्थ नाही, तिथे नव्या ग्राहकाच्या दराशी तुलना आणि कर्ज हलवण्याची तयारी हीच दोन हत्यारं असतात. यापुढचं लिखाण मुख्यतः रेपोशी जोडलेल्या बँक कर्जाबद्दल आहे.

आता स्कोअरकडे वळू. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसणारा आकडा आणि बँक काढेल तो आकडा एकच असेल असं नाही. आपल्याकडे चार पतमाहिती कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चारही कंपन्या ३०० ते ९०० या पट्ट्यात गुण देतात, पण प्रत्येकीचं गणित वेगळं असतं. तुमची बँक कोणत्या कंपनीचा स्कोअर बघते हे आधी विचारा आणि त्याच कंपनीचा पूर्ण अहवाल काढा. वर्षातून एक पूर्ण अहवाल स्कोअरसह प्रत्येक कंपनीनं फुकट द्यायचा आहे आणि स्वतःचा अहवाल स्वतः काढल्यानं गुण कमी होत नाहीत.

तो अहवाल नुसता आकडा बघून मिटवू नका. बँकेचा अधिकारी आकड्याच्या खालची पानंही वाचतो. प्रत्येक कर्जाखाली महिन्यागणिक चौकटी असतात आणि त्यात हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहिलेलं असतं. ‘000’ किंवा ‘STD’ दिसलं तर ठीक. एखाद्या जुन्या कार्डापुढे ‘Settled’ किंवा ‘Written-off’ असा शेरा असेल तर ७८० गुण असूनही अर्ज अडू शकतो. खरोखर फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल, तर त्या पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवा. तक्रारीला पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती दर पंधरवड्याला पाठवायची आहे, त्यामुळे आज कार्डाची बाकी फेडली तर तिचा परिणाम दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. तरीही अर्ज करण्याआधी अहवालात तो दिसतो आहे याची खात्री करून घ्या.

पतमूल्यांकनात दोन गोष्टी नेहमी निसटतात. पहिली म्हणजे सहकर्जदार. आपल्याकडे बरीच गृहकर्जं नवराबायकोच्या दोघांच्या नावावर असतात. बँक दोघांचेही अहवाल काढते आणि काही बँका त्यातला कमी स्कोअर धरतात. तुमचा ७८० आणि जोडीदाराचा ७१० असेल तर तुम्ही मागत असलेली कपात ७१० पाशीच थांबू शकते. म्हणून दोन्ही अहवाल एकत्र तपासा. दुसरी गोष्ट म्हणजे टप्पे. बहुतेक बँका स्कोअरप्रमाणे दर ठरवताना ७०० ते ७४९, ७५० ते ७९९ असे टप्पे पाडतात. टप्प्यांच्या सीमा बँकेगणिक वेगळ्या असतात. तुमचा स्कोअर ७०५ वरून ७४६ झाला आणि सीमा ७५० ला असेल, तर एवढी मेहनत करूनही तुम्ही त्याच टप्प्यात आहात. अशा वेळी दोन महिने थांबून, कार्डाचा वापर कमी ठेवून सीमा ओलांडल्यावर अर्ज देणं शहाणपणाचं. एकदा नाकारलेला अर्ज लगेच पुन्हा उघडायला अधिकारी नाखूश असतात.

आणि ज्या कर्जावर सवलत मागता त्याच कर्जाचे हप्ते? गेल्या बारा महिन्यांत एखादा हप्ता खात्यात पैसे नसल्यानं परत गेला असेल, तर माझं मत असं की वर्ष स्वच्छ होईपर्यंत थांबा. बाहेरचा स्कोअर कितीही चांगला असला तरी बँकेला आधी आपल्याच वहीतला डाग दिसतो.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण आकड्यांची ठेवण रोजच्या व्यवहारातली आहे. नाशिकच्या एका शिक्षिकेनं आणि तिच्या नवऱ्यानं जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅटसाठी साडेछत्तीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी घेतलं. तेव्हा रेपो ४ टक्के होता आणि तिचा स्कोअर ७०५ असल्यानं बँकेनं ३.४० स्प्रेड लावला. दर झाला ७.४०. रेपो साडेसहावर गेला तेव्हा तोच दर ९.९० झाला, आणि आता ५.२५ रेपोवर तो ८.६५ आहे. म्हणजे पाच वर्षांत रेपो चढला आणि उतरला, पण ३.४० चा स्प्रेड दशांशानंही हलला नाही. आज बाकी ३२ लाख आहे, १८० हप्ते उरले आहेत आणि हप्ता सुमारे ३१,७९४ रुपये आहे. दोघांचेही स्कोअर ७८० च्या आसपास पोहोचले आहेत आणि तीच बँक या स्कोअरच्या नव्या ग्राहकाला ७.९० नं कर्ज देते आहे.

पहिली पायरी म्हणून तिनं बँकेच्या संकेतस्थळावरचं आजचं दरपत्रक छापून घेतलं, त्यावर तारीख होती. दुसरी पायरी अर्जाची. तो असा असू शकतो :

‘माझ्या गृहकर्ज खाते क्रमांक अमुकचा व्याजदर रेपो अधिक ३.४० असा आहे. कर्ज मंजूर झालं तेव्हा माझा क्रेडिट स्कोअर ७०५ होता. सोबतच्या अहवालाप्रमाणे तो आता ७८१ आणि सहकर्जदाराचा ७७८ आहे. गेल्या साठ महिन्यांत या खात्याचा एकही हप्ता थकलेला नाही. कर्जकराराच्या कलम अमुकप्रमाणे आमच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाला असल्यानं स्प्रेडमधल्या क्रेडिट रिस्क प्रीमियमचं पुनर्मूल्यांकन करावं. आमच्या स्कोअरच्या नव्या ग्राहकांना आपली बँक आज ७.९० टक्के दर देत आहे, ते दरपत्रक जोडलं आहे. तसंच ग्राहक टिकवण्यासाठी स्प्रेडचे इतर घटक कमी करण्याची जी मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली आहे, तिचाही विचार व्हावा. आकारलं जाणारं शुल्क, मंजूर होणारा स्प्रेड आणि तो लागू होण्याची तारीख लेखी कळवावी. मागणी नाकारल्यास कारण लेखी द्यावं.’

सोबत दोघांचे अहवाल, पगारपत्रकं आणि कर्जखात्याचा वर्षाचा उतारा जोडायचा. पगार वाढला असेल तर पगारपत्रकांचं वजन मोठं असतं, कारण पतमूल्यांकन म्हणजे नुसता स्कोअर नव्हे. उत्पन्नाच्या मानाने हप्त्याचा बोजा कमी झाला आणि घराच्या किमतीच्या मानाने बाकी कमी झाली, तर या दोन्ही गोष्टी जोखीम खरोखरच कमी करतात. त्या एकेका वाक्यात लिहाव्यात.

अर्ज शाखेत देऊन त्यावर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची आणि तोच मजकूर बँकेच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर नव्हे, तर कर्जविभागाच्या ईमेलवर पाठवायचा. तक्रार अजून झालेली नाही, ही विनंती आहे. इथे हेही ध्यानात ठेवा की दर बदलण्याचा अधिकार शाखेतल्या अधिकाऱ्याकडे बहुधा नसतोच. अर्ज कर्ज प्रक्रिया केंद्राकडे किंवा विभागीय कार्यालयाकडे जातो. म्हणून शाखेत वाद घालण्यापेक्षा ‘हा अर्ज कोणाकडे जाणार आणि त्याचा संदर्भ क्रमांक काय’ हे विचारणं अधिक कामाचं. बँक तुमचा अहवाल स्वतः पुन्हा काढेल, त्यासाठी संमती द्यावी लागेल.

उत्तर आलं नाही किंवा ‘धोरणात बसत नाही’ असं आलं, तर दुसऱ्या बँकेकडून लेखी प्रस्ताव घ्यायची वेळ येते. प्रस्ताव एकाच बँकेकडून घ्या, फार तर दोन. प्रत्येक अर्जासाठी नवी बँक अहवाल काढते आणि अशी चौकशी नोंदली जाते. महिन्याभरात पाच बँकांनी अहवाल काढला तर ज्या स्कोअरच्या जोरावर तुम्ही बोलत आहात तोच खाली येतो. प्रस्ताव हाती आल्यावर आपल्या बँकेकडे कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या कागदपत्रांची यादी मागा. कर्ज दुसरीकडे हलवताना हे दोन कागद लागतात आणि ते मागितले की बँकेला कळतं की ग्राहक खरोखर निघाला आहे. पुष्कळदा पहिल्या अर्जानं न हललेली फाइल या पत्रानं हलते. मात्र जायचं नसताना ही पत्रं मागू नका. नुसती धमकी आहे हे अनुभवी अधिकाऱ्याला लगेच समजतं.

आपल्या शिक्षिकेला बँकेनं ८.१५ चा प्रस्ताव दिला, म्हणजे स्प्रेड ३.४० वरून २.९० वर आला. शुल्क ५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,९००. दुसऱ्या बँकेचा प्रस्ताव ७.९० चा आहे. तो वरकरणी चांगला दिसतो, पण तिथे जायचं तर प्रक्रिया शुल्क, वकिलाचा टायटल अहवाल, मूल्यांकन, नव्या गहाणखताचं मुद्रांक शुल्क आणि त्याच्या नोंदीचा खर्च येतो. हा सारा मिळून २८,००० रुपये धरू. तुमच्या बाबतीत हा आकडा नव्या बँकेकडून लेखी घ्या, तोंडी सांगितलेल्या आकड्यात मुद्रांक शुल्क हटकून राहून जातं.

आता हप्ते मांडून बघू. ८.६५ ला हप्ता ३१,७९४. ८.१५ ला तो ३०,८५९ होतो, म्हणजे महिन्याला ९३५ रुपयांची बचत आणि ५,९०० चं शुल्क सात महिन्यांत वसूल. ७.९० ला हप्ता ३०,३९६ होतो. म्हणजे स्वतःच्या बँकेच्या नव्या दरापेक्षा तिथे महिन्याला आणखी ४६३ रुपये वाचतात. पण त्यासाठी खर्च २८,००० विरुद्ध ५,९००, म्हणजे २२,१०० रुपये जास्त. ते ४६३ नं भागले की जवळजवळ चार वर्षं येतात. चार वर्षांच्या आत फ्लॅट विकायचा किंवा मोठी रक्कम भरून कर्ज संपवायचं असेल तर बँक बदलण्यात तोटा आहे. पंधरा वर्षं कर्ज चालवायचं असेल तर साठ हजारांच्या आसपास फायदा होतो, पण दोनदा कागद करण्याची दगदग आणि गृहकर्जाला जोडलेला विमा पुन्हा घेण्याचा प्रश्न त्यात आलेला नाही. मी असतो तर पाव टक्क्याच्या फरकासाठी हललो नसतो. फरक अर्धा टक्का किंवा जास्त असता तर नक्की हललो असतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क बँक घेऊ शकत नाही, त्यामुळे वाट मोकळी आहे.

दर कमी झाल्यावर लगेच जो निर्णय समोर येतो त्यात पैसे दर कमी करण्याइतकेच असतात, आणि बहुतेक लोक तो बँकेवर सोडून देतात. हप्ता कमी करायचा की मुदत? शिक्षिकेनं ८.१५ वर हप्ता ३०,८५९ करून घेतला तर पंधरा वर्षांत एकूण १ लाख ६८ हजार वाचतील. हप्ता जुनाच ३१,७९४ ठेवला तर कर्ज १८० ऐवजी १७० महिन्यांतच संपतं आणि दहा हप्ते, म्हणजे सुमारे ३ लाख १८ हजार रुपये वाचतात. दर तोच, बँक तीच. फरक एवढाच की दरमहा ९३५ रुपये हातात न घेता मुद्दलात जाऊ दिले. ज्या घराला जुना हप्ता झेपतो आहे त्यानं मुदतच कमी करून घ्यावी. पण ते अर्जात स्पष्ट लिहा, ‘हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी’. रेपो वाढल्यामुळे दर चढतो तेव्हा हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी ग्राहकाला द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. दर उतरताना तुम्ही बोलला नाहीत तर संगणकात जी पद्धत घातलेली असते ती लागते.

मंजुरी मिळाल्यावर बँक एक पुरवणी करार सहीसाठी ठेवते. तो घरी आणून वाचा. पाहायचं ते हे, की नवा स्प्रेड कर्ज संपेपर्यंतचा आहे की ठरावीक काळाचा, लागू होण्याची तारीख आजची आहे की पुढच्या रीसेटची, आणि स्कोअर पुन्हा घसरला तर स्प्रेड वाढवण्याचं कलम नव्यानं घुसलं आहे का. असं कलम असलं म्हणून सही करू नये असं नाही, पण मग गाडीचं कर्ज किंवा नवं कार्ड घेताना त्याची आठवण ठेवावी लागेल. दरकपातीच्या बदल्यात विमा किंवा टॉप-अप कर्ज घ्यायचा आग्रह झाला, तर ‘हे अटीत लिहिलेलं दाखवा’ एवढंच म्हणा. नव्या विम्याचा हप्ता दोन वर्षांची व्याजबचत सहज खाऊन टाकतो.

बँकेनं दर कमी करायला नकार दिला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन फारसं हाती लागत नाही, कारण दर किती लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि त्यात लोकपाल पडत नाही. मात्र अर्जाला उत्तरच न देणं, लेखी मंजूर झालेला दर खात्यात न लावणं, सांगितल्यापेक्षा जास्त शुल्क कापणं, ही सेवेतली उणीव आहे. आधी बँकेकडे रीतसर तक्रार नोंदवायची आणि तिथून महिन्याभरात समाधान झालं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जायचं. शिक्क्याची पोच जपून ठेवायची ती याचसाठी.

शेवटचं काम पुढच्या महिन्याच्या उताऱ्याचं. बँकेच्या पत्रात ८.१५ लिहिलं म्हणजे संगणकात ८.१५ पडलं असं नाही. उताऱ्यात त्या महिन्याला लावलेलं व्याज बघा. ३२ लाखांच्या बाकीवर ८.६५ नं महिन्याचं व्याज सुमारे २३,०६७ होतं, ८.१५ नं ते २१,७३३ व्हायला हवं. व्याज दिवसावर मोजणाऱ्या बँकेत ३१ दिवसांच्या महिन्यात ते २२,१५० च्या आसपास जाईल. बदल महिन्याच्या मध्यात लागू झाला असेल तर पहिल्या महिन्यात दोन्ही दरांचं मिश्रण दिसेल, म्हणून दुसरा महिना निर्णायक धरा. तेव्हाही आकडा तेवीस हजारांवरच असेल, तर मंजुरीचं पत्र आणि उतारा दोन्ही जोडून त्याच दिवशी लेखी कळवा, आणि जास्त कापलेली रक्कम मुद्दलात वळती करायला सांगा.